मीठ बदललं तर लकवा टळतो का? एका संशोधनातून सामान्य वाचकाला नेमकं काय सांगता येतं

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिठाबद्दलचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठातला चौथा हिस्सा काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलं, तर लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटतं, असा त्याचा निष्कर्ष बातम्यांतून फिरला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आमच्या फॉलोअरना तो समजावून द्यायचा होता. विषय इथल्या घरांशी थेट भिडणारा आहे. भाकरीसोबत खरडा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, उन्हाळ्यात घालून ठेवलेले सांडगे-पापड, हे सगळं घरच्या मिठावर होतं आणि बीपीची गोळी घेणारं माणूस बहुतेक घरांत असतं.

‘१४ टक्के’ ही ओळ खोटी नाही. पण ती तशीच पुढे पाठवली तर वाचणारा तिच्यातून निदान तीन चुकीचे अर्थ काढतो. म्हणून मजकूर लिहिण्याआधी मूळ पेपर वाचला. बातमीवरून लिहायचं नाही, एवढं आम्ही पक्कं ठेवलं आहे. अशा पेपरचा सारांश कुणालाही फुकट वाचता येतो आणि प्रयोग कुणावर झाला, कशाशी तुलना केली, किती काळ चालला आणि शेवटी काय मोजलं, एवढं त्यात असतंच. ते चार धागे हातात आल्याशिवाय निष्कर्षाच्या आकड्याकडे आम्ही बघत नाही.

प्रयोग उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत झाला. त्यात २०,९९५ माणसं होती. त्यांचं सरासरी वय ६५ च्या आसपास होतं. प्रत्येकाला एकतर आधी लकवा येऊन गेलेला होता, किंवा वय ६० च्या वर असून बीपी आटोक्यात नव्हतं. दर शंभरातल्या जवळपास ७३ जणांना आधी लकवा येऊन गेलेला होता. हा आकडा सारांशात बाजूला पडल्यासारखा दिसतो, पण पुढचं सगळं लिखाण त्याच्यावर उभं राहिलं. हा प्रयोग गावातल्या धडधाकट माणसांवर झालेला नाही.

कुठलं मीठ कुणाला द्यायचं हे माणसामाणसाप्रमाणे न ठरवता गावाप्रमाणे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्या गावांना तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ. हे नवं मीठ फुकट दिलं आणि घरचा सगळा स्वयंपाक, शिवाय भाज्या मुरवून ठेवणं, यालाही पुरेल इतकं दिलं. सरासरी पावणेपाच वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं.

गावं चिठ्ठ्यांनी वाटल्यामुळे एक गोष्ट मोकळेपणानं लिहिता आली: फरक मिठामुळेच पडला. काळजी घेणारी, पैसेवाली, व्यायाम करणारी माणसंच नवं मीठ निवडतात आणि म्हणून त्यांना लकवा कमी येतो, ही शंका इथे उरत नाही. कुणी निवडलंच नव्हतं. अतिशयोक्ती टाळायची म्हणून प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असू शकेल’ जोडत बसलं तर वाचकाला पक्कं काय आणि कच्चं काय ते कळत नाही. जे पक्कं आहे ते पक्कं म्हणून लिहायचं. नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास असता, म्हणजे लोक काय खातात ते विचारून पुढे काय होतं ते पाहिलेलं असतं, तर ‘मिठामुळे’ हा शब्द आम्ही लिहिला नसता.

आता आकडा. नेहमीच्या मिठाच्या गावांत दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ३३.६५ लकवे झाले, बदललेल्या मिठाच्या गावांत २९.१४. हजार व्यक्ती-वर्षं म्हणजे हजार माणसं एक वर्षभर, किंवा दोनशे माणसं पाच वर्षं. पेपर या दोन गटांचं गुणोत्तर ०.८६ देतो आणि तिथूनच १४ टक्के निघाले. पण दोघांची वजाबाकी केली की ४.५१ उरतात. म्हणजे अशी हजार माणसं वर्षभर हे मीठ खात राहिली, तर त्यांच्यात साधारण चार ते पाच लकवे कमी होतात. दोन्ही आकडे एकाच प्रयोगाचे आणि दोन्ही खरे. दुकानात १४ टक्के सवलत म्हटलं तर आपण आधी मूळ किंमत विचारतो, तसं इथे मूळ धोका किती हे विचारावं लागतं.

पहिला मजकूर टक्क्यांत लिहून ओळखीच्या काही जणांना वाचून दाखवला आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारलं. ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो, सगळे हो म्हणतात. स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं की अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं. अनगोळच्या एका काकांनी सांगितलं, ‘‘शंभर जणांनी हे मीठ खाल्लं तर चौदा जणांचा लकवा टळतोय की.’’ हे प्रत्यक्षाच्या तीसपट झालं. शंभरातल्या चौदांना वर्षभरात लकवा येतच नव्हता, तर चौदा टळणार कुठून? नेहमीच्या मिठाच्या गावांतही वर्षाला शंभरात तीन-साडेतीनच येत होते.

म्हणून टक्का काढला आणि हजार माणसं ठेवली. त्यातही एक बारीक अडचण आली. ३३.६५ आणि २९.१४ हे जवळच्या पूर्ण आकड्यांत आणले तर ३४ आणि २९ होतात आणि वजाबाकी ५ दिसते, खरी आहे साडेचार. दशांश ठेवले तर वाचणारा अडखळतो. शेवटी दोन्ही संख्यांना ‘सुमारे’ लावून फरक ‘चार-पाच’ असा लिहिला. इतपत गोलाई चालते. चार-पाचांचे ‘पाच’ आणि मग पुढच्या माणसाच्या तोंडी ‘निदान पाच’ झाले, तर ते चालत नाही.

पेपरमध्ये ०.८६ च्या शेजारी कंसात ०.७७ ते ०.९६ हे दोन आकडे आहेत. बातमीत ते जवळजवळ कधीच येत नाहीत. त्यांचा अर्थ असा, की या माहितीशी जुळणारा परिणाम २३ टक्के घट इतका मोठा असू शकतो, तसा ४ टक्के घट इतका लहानही. हजार माणसांच्या हिशेबात उतरवलं तर वर्षाला एकापासून आठापर्यंत. साडेचार हा मधला, सगळ्यात जवळचा अंदाज. हा पट्टा शून्याला टेकत नाही, म्हणून फायदा आहे हे ठामपणे सांगता येतं. तो किती आहे हे मात्र तितक्या ठामपणे सांगता येत नाही. वाचकांना पट्टा समजत नाही, गोंधळ होतो, असं पुष्कळ जण म्हणतात. ‘एकपासून आठपर्यंत, बहुधा चार-पाच’ हे ऐकून कुणी गोंधळलेलं आम्हाला आढळलं नाही. पावसाचा, पिकाचा अंदाज लोक असाच तर सांगतात.

यानंतरचा प्रश्न हमखास येतो: मग घरातल्या सगळ्यांनीच बदलायचं का? इथे ते ७३ जण आठवावे लागतात. प्रयोगातली माणसं इतकी आजारी होती, की नेहमीच्या मिठाच्या गावांत वर्षाला हजारातले सुमारे ४५ जण दगावत होते (बदललेल्या मिठाच्या गावांत सुमारे ३९). मूळ धोका मोठा होता म्हणून वजाबाकीही डोळ्यांत भरण्याजोगी झाली. आता समजा एखाद्याचा धोका वर्षाला हजारात दोन इतकाच आहे. त्याला तेच १४ टक्के लावले तरी फरक पाव लकव्याइतका, म्हणजे साडेतीन हजार माणसांनी वर्षभर मीठ बदललं तर एखादा लकवा कमी. शिवाय तेच १४ टक्के अशा माणसाला लागू पडतात, हेही धरून चाललेलं, तपासलेलं नाही. पस्तिशीतल्या, बीपी नसलेल्या माणसाला ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ म्हणून हे मीठ घ्यायला सांगण्याइतका आधार या पेपरमध्ये नाही. त्याला ते अपाय करतं असंही तो म्हणत नाही. त्याच्याबद्दल हा प्रयोग बोलतच नाही.

बीपीच्या बाबतीतही अपेक्षा आधीच जागेवर आणावी लागते. दोन्ही गटांतला वरच्या बीपीचा फरक सरासरी ३.३ होता. १६० चा १२० होणार नाही, १५० चा साधारण १४७ होईल. म्हणून ‘गोळी चालूच ठेवायची’ हे वाक्य स्वतंत्रपणे आणि ठळक टाकलं. मीठ बदललं म्हणून गोळी सोडलेला माणूस प्रयोगात मिळालेल्या फायद्याहून कितीतरी जास्त गमावून बसेल.

सगळ्यात जास्त वेळ किडनीच्या मुद्द्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. किडनी नीट चालत नसेल तर शरीरातलं जादा पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यातून जीवही जाऊ शकतो. पेपर सांगतो की पोटॅशियम वाढून झालेल्या गंभीर घटना दोन्हीकडे सारख्याच होत्या, हजार व्यक्ती-वर्षांमागे ३.३५ आणि ३.३०. एवढंच वाचलं तर ‘हे मीठ सुरक्षित आहे’ असं लिहायचा मोह होतो. पण किडनीचा गंभीर आजार असलेली माणसं, पोटॅशियमची औषधं घेणारी माणसं आणि पोटॅशियम अडवून ठेवणाऱ्या, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणारी माणसं प्रयोगात घेतलीच नव्हती. शिवाय सगळ्यांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासलं गेलं नव्हतं, त्यामुळे लक्षणं न दिसता पोटॅशियम वाढलं असेल तर ते नोंदीत आलेलं नसणार. मग खरं वाक्य असं होतं: ज्यांना धोका होता त्यांना बाजूला ठेवल्यावर उरलेल्यांत गंभीर त्रास वाढलेला दिसला नाही.

आपल्याकडे ही बाजूला ठेवण्याची पायरी कोण पार पाडणार? प्रयोगात ती संशोधकांनी पार पाडली. इथे दुकानातून पाकीट आणलं की सरळ आमटीत जातं आणि किडनी अर्धी निकामी होईपर्यंत कित्येकांना त्याचा पत्ता नसतो, विशेषतः मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्यांना. म्हणून ‘किडनीच्या रुग्णांनी टाळावं’ एवढ्यावर भागवलं नाही. काय बघायचं ते लिहिलं: जुन्या लॅब रिपोर्टवर सीरम क्रिएटिनिन आणि सीरम पोटॅशियम या दोन ओळी शोधा. वर्षभरात तपासणी झाली नसेल तर मीठ बदलण्याआधी ती करून घ्या. गोळ्यांच्या पट्टीवर स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड हे नाव दिसलं तर हे मीठ आपल्यासाठी नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम थोडं वाढू शकतं, त्या चालू असतील तर पट्टी नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि विचारा. पट्टीवरची नावं इंग्रजीत असतात, त्यामुळे प्रत्येक नावाचा फोटोही सोबत दिला.

ही सूचना कुठे ठेवायची हाही प्रश्नच होता. लांब मजकूर मोबाइलवर मध्येच दुमडला जातो आणि पुढे पाठवणारा बहुतेकदा वरच्या तीन-चार ओळींचाच फोटो काढून पाठवतो. सूचना शेवटी टाकली तर फायदा गावभर पोचतो आणि धोका मागे राहतो. तेव्हा ती शीर्षकातच घेतली. शीर्षक एकटं फिरलं तरी चुकीचं ठरू नये, अशी अट घालून ते लिहिलं.

मीठ बदललं म्हणजे नेमकं कुठलं घेतलं, हा गोंधळ लिहितानाच पुढे आला. खानापूरकडच्या एका मावशींनी मजकूर ऐकून विचारलं, ‘‘मग आम्ही सैंधव खातोय की ओ, तेच झालं न्हवं?’’ सैंधव हे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, पोटॅशियम त्यात नाममात्र. त्यात बहुधा आयोडीनही घातलेलं नसतं. खडे मिठाचंही तसंच, रंग आणि दाणा वेगळा, सोडियम तेवढंच. दुसरीकडे, बाजारात ‘सोडियम १५ टक्के कमी’ असं लिहिलेली पाकिटं मिळतात, ती प्रयोगातल्या मिठाइतकी बदललेली नसतात. प्रयोगातल्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं, हे लक्षात ठेवून पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचायची. हिस्सा कमी असेल तर फायदाही कमी असू शकेल. किती कमी, ते या प्रयोगावरून काढता येत नाही. आणि हिस्सा कितीही असला तरी किडनीची सूचना तशीच लागू राहते.

‘सोडियम कमी झालं म्हणून लकवे कमी झाले’ असं लिहायचंही टाळलं. लघवीच्या तपासणीवरून दिसतं, की नव्या मिठाच्या गावांत दिवसाचं सोडियम सुमारे ०.३५ ग्रॅम घटलं आणि पोटॅशियम सुमारे ०.८ ग्रॅम वाढलं. दोन्ही एकदमच झालं. त्यातलं काम कशानं किती केलं, हे हा प्रयोग वेगळं करून दाखवत नाही. नुसतं नेहमीचं मीठ कमी केल्यावर इतकाच फायदा होतो, किंवा केळी-शहाळी वाढवली की झालं, या दोन्ही गोष्टी या पेपरच्या नावावर सांगता येत नाहीत.

चीनच्या खेड्यांतलं इथे कितपत लागू पडतं, याबद्दलही दोन वाक्यं द्यावी लागली. तिथे मीठ पोटात जातं ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून, आणि आपल्याकडच्या खेड्यांतही तसंच आहे. त्यामुळे जुळणी बरी आहे. पण प्रयोगात नवं मीठ फुकट मिळत होतं. इथे ते नेहमीच्या मिठापेक्षा महाग पडतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा जुनं पाकीट आणलं तर पावणेपाच वर्षांचा आकडा त्या घराला लावता येत नाही. विकतचं लोणचं, फरसाण, बेकरीचा माल यांतलं मीठही बदललेलं नसतं. सांडगे-पापड घरी घालत असाल तर त्यात नवं मीठ वापरता येतं. चवीला थोडं कडसर लागतं अशी तक्रार काही जण करतात.

शेवटी तयार झालेला मजकूर असा होता:

‘लकवा येऊन गेलेल्यांसाठी आणि साठीपुढच्या बीपीवाल्यांसाठी: पोटॅशियमचं मीठ थोडी मदत करतं. किडनीचा त्रास असेल तर घेऊ नका.

चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षं प्रयोग झाला. सगळ्यांना एकतर आधी लकवा येऊन गेलेला होता, किंवा वय ६० च्या वर असून बीपी आटोक्यात नव्हतं. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्या गावांत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं. नेहमीच्या मिठाच्या गावांत वर्षाला हजार माणसांमागे सुमारे ३४ लकवे झाले, दुसरीकडे सुमारे २९. म्हणजे चार-पाच कमी. खरा फरक एक ते आठ यांत कुठेही असू शकतो. बीपीची गोळी चालूच ठेवायची. सैंधव म्हणजे हे मीठ नव्हे. तरुण, बीपी नसलेल्या माणसांवर हा प्रयोग झालेला नाही.’

यात मृत्यूचे आकडे नाहीत आणि हृदयविकाराचेही नाहीत. ते पेपरमध्ये आहेत, फायदा दाखवणारेच आहेत, पण एका मजकुरात एकच परिणाम नीट समजतो. विचारणाऱ्याला ते वेगळे दिले.

जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मिठाबद्दल मार्गदर्शक सूचना काढली, तेव्हा मजकुरात भर घातली. नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ वापरावं, असं ती प्रौढांना सुचवते. पण ही शिफारस सशर्त आहे आणि मुलं, गरोदर स्त्रिया, किडनीचा आजार असलेले किंवा शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर न पडणारे लोक तिच्यात धरलेले नाहीत. त्यावर लगेच विचारणा झाली: घरात आमटी एकाच भांड्यात होते, आजोबांना लकवा येऊन गेलाय, सून गरोदर आहे, मग काय करायचं? प्रयोगात घरातल्या इतर कुणाला किडनीचा गंभीर आजार असला तरी ते घर घेतलं नव्हतं, कारण भांडं सगळ्यांचं एकच. म्हणून आम्ही असं उत्तर दिलं: अशा घरात आमटीत मीठ सगळ्यांसाठीच कमी आणि नेहमीचं आयोडीनयुक्त घाला. आजोबांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं, तर त्यांच्या ताटापुरतं नवं मीठ वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर त्यांचं नाव लिहा. ताटात घेतलेलं चिमूटभर मीठ म्हणजे प्रयोगातलं सगळ्या स्वयंपाकाचं मीठ नव्हे, त्यामुळे वर्षाला चार-पाच कमी हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका.